बारा तेवीसचा निरोप

लग्नपत्रिका महिनाभर आधी घरात येते, देवापुढे ठेवली जाते, तिथून फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली जाते आणि लग्नाच्या आदल्या संध्याकाळी हमखास सापडत नाही. सापडली तरी तिच्यात कुलदैवतापासून चिमुकल्यांच्या आग्रहापर्यंत सगळं असतं, फक्त गाडी कुठे लावायची ते नसतं. ती उणीव हल्ली मोबाइलवरचा निरोप भरून काढतो. यजमान तो लिहितात तेव्हा कार्यालयात सीमांतपूजन चाललेलं असतं, वरपक्षाची बस कुठे अडकली याचे फोन चालू असतात, आणि कोणाच्या तरी सदऱ्याचं बटण तुटलेलं असतं.

भाचीच्या लग्नात तो लिहायचं काम माझ्याकडे आलं. मामाला लग्नात तसं एकच मोठं काम असतं, मुलीला बोहल्यावर आणायचं. त्यामुळे आदल्या संध्याकाळी मी मोकळाच दिसत होतो. भावोजींनी स्वतः एक मसुदा केला होता. ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ अशी सुरुवात, मध्ये दोन्ही घराण्यांची नावं, शेवटी ‘आपली उपस्थिती प्रार्थनीय’. मी म्हटलं, “भावोजी, ही पत्रिकाच झाली की परत. उद्या सकाळी गाडी चालवताना शेजारी बसलेली बाई हे वाचून दाखवणार आहे. तिला वेळ आणि गल्ली हवीय.” ते जरा हिरमुसले. पण तेवढ्यात विहीणबाईंचा चहा आला आणि मसुदा माझ्या हातात राहिला.

मुहूर्त होता 12 वाजून 23 मिनिटांचा. ही तेवीस मिनिटं येतात कुठून असं गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, “अभिजित धरलाय.” सूर्योदय ते सूर्यास्त या दिवसाचे पंधरा भाग केले की आठवा, म्हणजे बरोबर मधला, तो अभिजित. नोव्हेंबरअखेरीस आपल्याकडे दिवस अकरा तासांहून थोडा मोठा, म्हणून तो भाग चव्वेचाळीस मिनिटांचा. आणि मधोमध म्हणजे दुपारचे बारा नव्हे. आपली घड्याळं मिर्झापूरजवळून जाणाऱ्या 82.5 अंश रेखावृत्तावर लावलेली आहेत. पुणं त्याच्या बरंच पश्चिमेला, म्हणून सूर्याचा मध्यान्ह इथे घड्याळाच्या बारानंतर येतो, आणि 30 नोव्हेंबरच्या सुमारास तो 12:23 च्या आसपास असतो. हाच मुहूर्त नागपुरात धरला असता तर वीसेक मिनिटं आधी आला असता. पूर्वी हे मोजायला घटिकापात्र असे. तळाला बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी पाण्यात सोडायची, ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे चोवीस मिनिटं झाली. आता गुरुजी मोबाइलकडे बघतात. त्यांचा मोबाइल उपरण्याखाली असतो एवढंच.

पण निरोपाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. पत्रिकेवर छापलेला मुहूर्त हा शेवट असतो. मंगलाष्टकं आधी सुरू होतात, आणि मुहूर्ताच्या क्षणी अंतरपाट बाजूला होऊन शेवटच्या अक्षता पडतात. आपल्यातल्या जुन्या माणसांना हे सांगावं लागत नाही. भाचीच्या ऑफिसातली मंडळी मात्र कानपूरची, कोचीची आणि आपल्याच चिंचवडची होती. सिनेमा 12:23 ला आहे असं समजून ती 12:20 ला फाटकाशी पोहोचली असती, आणि गाडी लावून वर येईपर्यंत वाजंत्री थांबून फोटो सुरू झाले असते. म्हणून मी मुहूर्ताची ओळ उलटी मोजत गेलो. घरच्या आत्या-मावश्या आपापली रचलेली मंगलाष्टकं म्हणणार, म्हणजे तेरा-चौदा मिनिटं धरायला हवीत, सुरुवात 12:10 ला. त्याआधी अक्षता वाटायच्या, लोकांना खुर्च्या शोधायच्या असतात, म्हणून सभागृहात 12:00. गाडी लावून चालत यायला पंधरा मिनिटं. तेव्हा फाटकाशी 11:45. निरोपात मी हे तीन आकडे दिले, छापील मुहूर्तासकट. नुसतं ‘11:45 ला यावे’ लिहिलं असतं तर पत्रिका आठवणाऱ्याला वाटलं असतं मुहूर्त बदलला, आणि रात्री अकरापर्यंत भावोजींचा फोन वाजला असता.

गाड्यांचं प्रकरण याहून किचकट. कार्यालयाच्या तळघरात चारचाकी जेमतेम तीस मावतात, त्याही उतारावर आडव्या लावल्या नाहीत तर. व्यवस्थापकांनी बुकिंगच्या वेळी ‘पार्किंगची उत्तम सोय’ असं सांगितलेलं असतं. त्या वाक्यातलं ‘उत्तम’ किती चाकांचं, हे प्रत्यक्ष जाऊन मोजल्याशिवाय कळत नाही. आमच्याकडे पाहुणे साडेतीनशे, म्हणजे चारचाकी ऐंशीच्या खाली येणं कठीण. रविवार असल्यामुळे पलीकडच्या गल्लीतल्या शाळेचं मैदान मिळालं, हे नशीब. मग तळघर कोणासाठी हे ठरवावं लागलं. वृद्ध, गुडघेवाले आणि लहान बाळं असलेली कुटुंबं तळघरात, बाकी सगळे थेट मैदानात. हे ‘थेट’ फार महत्त्वाचं. ‘तळघर भरल्यास मैदानात लावावी’ असं लिहिलं की प्रत्येक जण आधी तळघराशी येऊन बघतो, उतारावरच थांबतो, मागे रांग लागते आणि नवरदेवाची गाडी त्या रांगेत शेवटची असते.

रस्त्यावर लावणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. पुण्यात काही रस्त्यांवर सम तारखेला एका बाजूला आणि विषम तारखेला दुसऱ्या बाजूला गाडी लावायची, अशा पाट्या आहेत. शनिवारी 29 तारखेला सीमांतपूजनाला येऊन ज्यांनी जागा हेरून ठेवली होती, ते दुसऱ्या दिवशी त्याच बाजूला लावणार आणि टोइंगवाले ती उचलून नेणार, हे उघड होतं. तेव्हा ‘रविवारी सम तारीख आहे, पाटी बघून लावा’ एवढं लिहिलं. यातूनच आणखी एक गोष्ट सुचली. निरोपात ‘उद्या’ हा शब्दच ठेवला नाही. शनिवारी रात्री लिहिलेला ‘उद्या’ कोणीतरी रविवारी सकाळी चुलतभावाला पुढे पाठवतो, आणि तो चुलतभाऊ सोमवारी जरीचा कुर्ता घालून कार्यालयाच्या दारात उभा राहतो. वार आणि तारीख दोन्ही लिहिलेली बरी.

नकाशाच्या लिंकमध्येही खोच असते. कार्यालयाच्या नावाने शोधलं की टाचणी पुढच्या दाराशी पडते, आणि पुढचा रस्ता एकेरी. मी भाच्याला मैदानाच्या फाटकाशी उभं करून तिथली जागा पाठवायला सांगितली. निरोपात दोन लिंक गेल्या, ‘कार्यालय’ आणि ‘गाडी लावण्याचे मैदान’.

संपर्कासाठी नंबर कोणाचा द्यायचा यावर मात्र वाद झाला. भावोजींना स्वतःचा द्यायचा होता, मान म्हणून. पण फोन येणार ते 11:30 ते 12:20 मध्ये, आणि त्या वेळी वधूपिता मंडपात असतो, मामा मुलीला आणायला गेलेला असतो, आणि आई तर फोन कुठे ठेवला हेच विसरलेली असते. ज्याला मुहूर्ताच्या वेळी काही काम नाही, आवाज मोठा आहे आणि अक्षता टाकायला मिळाल्या नाहीत तरी जो रुसणार नाही, असा माणूस शोधायचा. धाकट्या चुलतभावाचा नंबर दिला. तो खरोखर रुसला नाही. पहिल्या पंगतीला बसवीन म्हणून त्याला शब्द दिला होता.

जेवणाची ओळ लिहिताना मला केटररची आठवण ठेवावी लागली. त्याला साडेतीनशे पानं सांगितली होती, आणि भोजनगृहात एका वेळी एकशेवीस माणसं बसतात. पंगत उठायला चाळीस मिनिटं, टेबलं पुसून पुन्हा पानं मांडायला दहा. बारा पन्नासला पहिली बसली तर तिसरी तीन वाजून दहाला उठते, आणि चारला कार्यालय रिकामं करून द्यायचं असतं, कारण संध्याकाळच्या लग्नाचे फुलवाले खाली येऊन थांबलेले असतात. आता अक्षता पडल्या पडल्या साडेतीनशे जण जिन्याकडे वळले तर एकशेवीस बसतात आणि उरलेले त्यांच्या खुर्च्यांच्या मागे उभे राहतात. पाठीमागे कोणी उभं असताना मसालेभात गळ्याखाली उतरत नाही, मठ्ठ्याची दुसरी वाटी मागायची हिंमत होत नाही आणि जिलेबी पानातच राहते. म्हणून पहिली पंगत मधुमेहींची, औषधं घेणाऱ्यांची आणि गाडी पकडायची असलेल्यांची, असं लिहून टाकलं. मेन्यू मात्र लिहिला नाही. अळूची भाजी आहे हे आधी कळलं की काही मंडळी वेगळ्याच वेळापत्रकाने येतात.

शेवटी निरोप असा झाला:

‘सप्रेम नमस्कार. रविवार, 30 नोव्हेंबर. मंगलाष्टके 12:10 ला सुरू, मुहूर्त 12:23. फाटकाशी 11:45 पर्यंत यावे. चारचाकी थेट शाळेच्या मैदानात (लिंक खाली), तिथून तीन मिनिटे चालत. ज्येष्ठ व लहान बाळे असलेल्या गाड्या तळघरात. रस्त्यावर लावल्यास सम तारखेची पाटी बघावी. भोजन 12:50 पासून 3:10 पर्यंत. पहिली पंगत ज्येष्ठ, औषधे घेणारे व लांब जाणारे. अडचण आल्यास या नंबरवर फोन करावा.’

ताईने वाचून ‘कोरडं झालंय’ म्हटलं आणि शेवटी ‘आम्ही वाट पाहतो आहोत’ घातलं. ते मी राहू दिलं. भाचीने तोच मजकूर गुलाबी फुलांच्या चौकटीत बसवून चित्र करून पाठवू म्हटलं. चित्रातल्या नंबरवर बोट दाबून फोन लागत नाही आणि लिंक उघडत नाही, हे पटल्यावर तिने फुलं वेगळी पाठवली.

पाठवण्यातही एक मेख होती. भावोजी ब्रॉडकास्ट यादीतून एकदम पाठवणार होते. त्या यादीत 256 च नंबर बसतात, आणि ज्याच्या फोनमध्ये पाठवणाऱ्याचा नंबर साठवलेला नाही त्याला निरोप पोहोचतच नाही. भाचीच्या मित्रमैत्रिणींकडे भावोजींचा नंबर असण्याचं कारण नव्हतं. तेव्हा नातेवाइकांना भावोजींच्या फोनवरून, ऑफिसच्या मंडळींना भाचीच्या आणि सोसायटीला ताईच्या, असे तीन भाग केले.

दुसऱ्या दिवशी जिलेबी खाता खाता चुलतभावाने फोनची यादी वाचून दाखवली. वेळ विचारायला एकाही माणसाचा फोन आला नव्हता. बहुतेक फोन होते रिक्षाने आणि ओला-उबरने येणाऱ्यांचे. चालक एकेरी रस्त्याच्या तोंडाशी थांबलाय, उतरून किती चालायचं? त्यांना गाडी लावायचीच नव्हती, म्हणून मैदानाची ओळ त्यांनी वाचली नाही, आणि त्यांच्यासाठी वेगळी ओळच नव्हती. फेब्रुवारीत मेहुण्यांच्या मुलाचं लग्न आहे. त्यांनी मसुदा मागितला तेव्हा ‘रिक्षाने येणाऱ्यांनी मागच्या गल्लीच्या नाक्यावर उतरावे’ हे वाक्य गाडीच्या ओळीच्या आधी घालून पाठवलं. मागची गल्ली त्यांनी आपापली शोधायची आहे.