३८ सप्लायर, एक फाइल: बल्क पेमेंटचा माझा अनुभव

भोसरीतल्या एका इंजिनिअरिंग कारखान्याचं अकाउंट्स मी बघतो. पेमेंटचा दिवस गुरुवार, आणि एका खेपेला ३५ ते ४० पार्ट्या. नेटबँकिंगवर एकेक पार्टी निवडून पैसे सोडायचे म्हटलं की दिवस त्यातच जातो, शिवाय डायरेक्टरना तितक्याच वेळा ओटीपी टाकत बसावं लागतं. म्हणून बल्क अपलोड, म्हणजे सगळ्या पार्ट्यांची एकच फाइल बँकेच्या पोर्टलवर चढवायची. यात सगळे आधी बँकेच्या फॉरमॅटची धास्ती घेतात, पण फॉरमॅट लवकर अंगवळणी पडतो. खरी मेख अशी आहे की एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये पैसे खाते क्रमांकावर जमा होतात. नावाच्या रकान्यात काहीही लिहिलेलं असो, त्यावर भरवसा ठेवायचा नाही. मंजूर झालेल्या यादीतला क्रमांक आणि रक्कम बँकेपर्यंत जशीच्या तशी पोचली पाहिजे, बाकी सगळी व्यवस्था त्यासाठीच.

बँकेकडून सुविधा सुरू करून घेताना एक गोष्ट आधीच ठरवावी: आपल्या खात्यातून पूर्ण फाइलची एकच रक्कम वजा व्हायची की प्रत्येक पार्टीची वेगळी? वेगळीच मागावी. एकच नोंद दिसली की स्टेटमेंट छोटं आणि नीटनेटकं दिसतं खरं, पण त्यातलं एखादं पेमेंट परत आलं की ते कुणाचं हे शोधताना जीव जातो. दुसरी मागणी रिव्हर्स फाइलची. म्हणजे पेमेंट झाल्यावर प्रत्येक ओळीपुढे स्टेटस आणि यूटीआर, म्हणजे बँकेचा व्यवहार क्रमांक, भरून बँक जी फाइल परत देते, ती. कुठल्या बिलाचे किती पैसे सोडले हे पार्टीला कळवणाऱ्या पेमेंट ॲडव्हाइसचा सगळा डोलारा याच फाइलवर उभा राहतो.

आता एका पार्टीची रक्कम कशी तयार होते ते बघू. मशीन दुरुस्तीचं काम करणारा एक प्रोप्रायटर आहे. त्याची दोन बिलं देय झाली. पहिलं ६२,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७३,१६०. दुसरं ४८,५०० अधिक जीएसटी, म्हणजे ५७,२३०. दोन्ही मिळून १,३०,३९०. जीएसटी बिलात वेगळा दाखवलेला असल्यामुळे टीडीएस मूळ रकमेवरच कापायचा. १,१०,५०० चा एक टक्का म्हणजे १,१०५. चुकीच्या पार्टबद्दल आपण काढलेली डेबिट नोट ३,५४० ची. निव्वळ देणं १,२५,७४५. फाइलमध्ये त्याची ओळ एकच आणि रक्कम एकच. पण ॲडव्हाइससाठी या चारही नोंदी लागणार, म्हणून मी बिलवार शीट आणि बँकेची शीट वेगळी ठेवतो. दोन्हींना जोडणारा धागा म्हणजे पेमेंट व्हाउचरचा क्रमांक. तोच बँक फाइलच्या कस्टमर रेफरन्सच्या रकान्यात जातो आणि तोच रिव्हर्स फाइलमध्ये परत येतो. पार्टीच्या नावावरून जोडणी करायला जाऊ नये. एकाच मालकाच्या ‘एंटरप्रायझेस’ आणि ‘इंडस्ट्रीज’ अशा दोन फर्म निघाल्या की घोळ झालाच म्हणून समजा.

टीडीएसच्या रकमा सूत्राने काढल्या असतील तर तिथेच `ROUND` लावावा. नाहीतर पडद्यावर पूर्ण रुपये दिसतात, आत पैसे लपलेले असतात आणि बँकेची बेरीज आपल्या यादीशी जुळत नाही.

एक्सेलची मोठी खोड खाते क्रमांकाशी निगडित आहे. एक्सेल संख्येचे १५ आकडेच नीट सांभाळतं. पंजाब नॅशनल बँकेचा खाते क्रमांक १६ आकडी असतो. तो संख्या म्हणून टाकला की शेवटच्या आकड्याचं शून्य होतं. पुढे रकाना टेक्स्ट केला तरी गेलेला आकडा परत येत नाही. क्रमांक शून्याने सुरू होत असेल तर पुढची शून्यं गळतात. म्हणून मास्टरमध्ये, म्हणजे पार्ट्यांच्या खात्यांच्या मूळ यादीत, रकाना आधी टेक्स्ट करायचा आणि मगच क्रमांक भरायचा. एवढं करूनही तयार झालेली सीएसव्ही कुणी ‘जरा बघू’ म्हणून डबल क्लिकने उघडली आणि सेव्ह केली की सगळं पाण्यात. बघायचीच असेल तर नोटपॅडमध्ये उघडावी, किंवा एक्सेलच्या `Data` मेनूतून `From Text/CSV` ने घ्यावी आणि खात्याच्या रकान्याला `Text` निवडावं. क्रमांकाची लांबीही मास्टरशी ताडून बघावी.

आयएफएससीचं त्या मानाने सोपं आहे. अकरा अक्षरं, पहिली चार बँकेची, पाचवं नेहमी शून्य, शेवटची सहा शाखेची. लोक पाचव्या जागी इंग्रजी ओ टाकतात. दिसायला सारखंच, पण ओळ रिजेक्ट. सिंडिकेट, आंध्रा, कॉर्पोरेशन अशा विलीन झालेल्या बँकांचे जुने कोड अजूनही काही पार्ट्यांच्या लेटरहेडवर छापलेले सापडतात, तेव्हा लेटरहेडवरून कोड उचलू नये. कॅन्सल्ड चेकही ताजा मागावा. नावात आणि पत्त्यात स्वल्पविराम नको, कारण सीएसव्हीत तो रकानाच तोडतो आणि पुढचे सगळे रकाने एक घर सरकतात. आपल्याच बँकेत खातं असलेल्या पार्टीसाठी पेमेंटचा प्रकार वेगळा द्यावा लागतो. आरटीजीएसला किमान २ लाखांची अट आहे, त्यामुळे १,९९,००० च्या ओळीवर आरटीजीएस लिहिलं की ती ओळ बाद.

मंजुरीकडे येऊ. परचेसवाले बिलं बरोबर असल्याची खूण करतात, अकाउंट्स मॅनेजर यादी मंजूर करतो, मी फाइल अपलोड करतो आणि डायरेक्टर ऑथोराइज करतात. पायऱ्या चार असल्या तरी भोक कुठे आहे ते बघा. डायरेक्टरना बँकेच्या पडद्यावर दिसतं काय, तर ३८ व्यवहार आणि एकूण रक्कम. यादी मंजूर झाल्यानंतर आणि अपलोडच्या आधी कुणी एखादा खाते क्रमांक बदलला, तर संख्या आणि बेरीज दोन्ही तशाच राहतात. म्हणून मंजूर यादीच्या तळाशी आम्ही तिसरा आकडा छापतो. आधी तो खाते क्रमांकांच्या शेवटच्या चार आकड्यांची साधी बेरीज होता. पण सॉर्ट करताना रकाना घसरला आणि दोन पार्ट्यांचे क्रमांक आपसांत बदलले तर ही बेरीजही बदलत नाही. त्यामुळे आता रकमेने गुणून घेतो. C मध्ये खाते क्रमांक, D मध्ये रक्कम:

```
=SUMPRODUCT(D2:D39, --RIGHT(C2:C39,4))
```

समजा वरच्या दुरुस्तीवाल्याचं खातं ४४१७ ने संपतं आणि ४०,००० देणं असलेल्या दुसऱ्याचं ०९३२ ने. साधी बेरीज ५,३४९. क्रमांकांची अदलाबदल झाली तरी ५,३४९ च. गुणाकाराची बेरीज मात्र ५९,२६,९५,६६५ वरून थेट २९,३८,७४,३४० वर येते. आमच्या पोर्टलवर ऑथोरायझरला अपलोड झालेली फाइल डाउनलोड करता येते. ती डाउनलोड करून हा आकडा मंजूर कागदाशी जुळवायचा आणि मगच ओटीपी. पाच मिनिटांचं काम आहे. याची मर्यादाही सांगतो: पुढची शून्यं गळाली असतील तर शेवटचे चार आकडे तेच राहतात, म्हणून लांबीची तपासणी वेगळी लागतेच. आणि मास्टरमध्येच चुकीचा क्रमांक असेल तर हे सूत्र काहीच करू शकत नाही.

मास्टरसाठी नियम कडक आहे. पेमेंटची फाइल बनवणाऱ्याला मास्टरमध्ये बदल करायचा अधिकार नाही. ‘आमचं बँक खातं बदललं आहे’ अशी मेल आली तर त्या मेलमधल्या नंबरवर फोन करायचा नाही, आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर मालकाशी बोलायचं. पार्टीची मेल हॅक करून पाठवलेला असा निरोप हुबेहूब खरा वाटतो, जुन्या बिलासकट येतो. १ एप्रिल २०२५ पासून एनईएफटी-आरटीजीएससाठी खातेदाराचं नाव बघायची सोय बँकांना द्यावी लागते. ती नवीन खातं मास्टरमध्ये घेतानाच वापरावी आणि दिसलेल्या नावाचा स्क्रीनशॉट चेकसोबत ठेवावा.

अपलोडच्या वेळी सगळ्यात महागात पडणारी गोष्ट म्हणजे अर्धवट अडकलेला पडदा. सेशन तुटलं, फाइल गेली की नाही कळत नाही, आणि माणूस नाव बदलून तीच फाइल पुन्हा चढवतो. काही पोर्टल एकाच नावाची फाइल दुसऱ्यांदा घेत नाहीत, पण नाव बदललं की ती तपासणीही गेली. पैसे दोनदा गेले तर परत मागायला पार्टीच्या दारात उभं राहावं लागतं, आणि ती ‘पुढच्या बिलात ॲडजस्ट करा’ म्हणते. त्यामुळे पोर्टलवरच्या फाइलच्या यादीत स्टेटस बघितल्याशिवाय दुसरा अपलोड नाही. एखादी ओळ बाद झाली तर पूर्ण फाइल परत चढवायची नाही, तेवढीच ओळ नवीन व्हाउचर क्रमांकाने पुढच्या फाइलमध्ये घ्यायची. आमच्या पोर्टलवर व्हॅल्यू डेट, म्हणजे फाइलमध्ये दिलेली पेमेंटची तारीख, उलटून गेलेली फाइल ऑथोराइज होत नाही, म्हणून डायरेक्टर गावाला असतील तर फाइल आदल्या दिवशी चढवण्यात अर्थ नाही.

आता ॲडव्हाइस. फाइल अपलोड झाली की लगेच मेल सोडायचा मोह होतो, कारण पार्ट्यांचे फोन चालू असतात. पण ॲडव्हाइस रिव्हर्स फाइलवरूनच निघाली पाहिजे, आपल्या यादीवरून नाही. त्यातही थोडं थांबावं लागतं. एनईएफटी दर अर्ध्या तासाच्या बॅचमध्ये चालते, आणि जमा न झालेले पैसे बॅच सेटल झाल्यापासून दोन तासांत परत यायला हवेत. सुरुवातीला यशस्वी दिसलेली ओळ खातं बंद असल्यामुळे नंतर परत येऊ शकते. तेव्हा दुपारी बाराला ऑथोराइज झालेल्या फाइलच्या मेल आम्ही चारनंतर, स्टेटमेंटमध्ये परतावे बघून सोडतो.

मेलमध्ये बिल क्रमांक, तारीख, बिलाची रक्कम, टीडीएस, डेबिट नोटचा क्रमांक आणि कारण, निव्वळ रक्कम, यूटीआर आणि खात्याचे शेवटचे चार आकडे इतकंच. बँकेकडून आपोआप जाणाऱ्या सूचनेत ही फोड नसते, त्यामुळे पार्टीचा अकाउंटंट ‘३,५४० कमी का?’ म्हणून फोन करतोच. वर्डचा साधा मेल मर्ज इथे अपुरा पडतो. त्याला एका पार्टीची एक ओळ समजते, आणि इथे एकेकाची पाच-सहा बिलं असतात. आम्ही व्हाउचर क्रमांकाच्या नावाने प्रत्येकाची वेगळी पीडीएफ काढतो आणि मेलचा पत्ता मास्टरमधून पार्टी कोडवरून उचलतो. पत्त्यांचा रकाना हाताने शेजारी चिकटवायचा नाही. तो एक ओळ घसरला की एका सप्लायरचे दर त्याच्याच स्पर्धकाच्या इनबॉक्समध्ये पोचतात. मेल सोडण्याआधी पहिली, मधली आणि शेवटची अशा तीन पीडीएफ उघडून पत्त्याशी ताडून बघतो.

परत आलेल्या मेलही बघायच्या असतात. बाऊन्स झालेला पत्ता त्याच दिवशी दुरुस्तीसाठी मास्टर सांभाळणाऱ्याकडे जातो, नाहीतर पुढच्या गुरुवारी तोच फोन पुन्हा येतो.