विसरला, की मनातच नव्हतं?

"ह्यांना माझा वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस कधीच ध्यानात राहत नाही. खरंच विसरतात, की मला किंमतच नाही?"

बचत गटाच्या बैठकीत हिशेब आटोपला की हा विषय निघतोच. पुरावाही ठरलेला: "पीक कर्जाची तारीख बरी आठवते!" तो पुरावा मी धरत नाही. ३१ मार्च जवळ आला की सोसायटीचा माणूस दारी येतो, पारावर तेच बोलणं असतं. बाहेरून कुणी आठवण दिली की बहुतेकांना आठवतं. जूनमधल्या तुमच्या वाढदिवसाची आठवण द्यायला कुणी येत नाही, आणि तेव्हा तर पेरणीची धांदल असते.

माझ्या शेजारणीचं लग्न १३ मे २०१३ ला झालं, अक्षय तृतीयेला. ती दरवर्षी १३ मेची वाट पाहायची. नवऱ्याच्या डोक्यात तिथी पक्की, तारीख नाहीच. २०२५ मध्ये अक्षय तृतीया ३० एप्रिलला आली. त्या दिवशी त्यानं बाजारातून तिच्यासाठी बांगड्या आणल्या, बोलला मात्र काहीच नाही. तिला वाटलं, सणाच्या आणल्या. १३ मेला तो नेहमीसारखा वावरात गेला आणि ही दिवसभर रुसून बसली. शेवटी विचारलं तर म्हणाला, "आपलं लगन तं अक्षय तृतीयेले झालं ना? मंग बांगड्या कायच्या होत्या?"

म्हणून आधी राग बाजूला ठेवून विचारा, लग्नाचं काय काय आठवतं. वरातीतला पाऊस, रुसलेला मामा, सगळं सांगितलं आणि तारीखच चुकली, तर तो तारखेचा घोळ आहे. मग आठ दिवस आधी एकदाच, स्पष्ट सांगा: अमुक दिवशी माझा वाढदिवस, संध्याकाळी लवकर घरी या. मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये तारीख त्यालाच टाकू द्या, 'दरवर्षी' निवडून, आणि सूचना आदल्या रात्री आठची. सकाळची सूचना वावरात वाजते आणि तिथंच बंद होते. विसरभोळा माणूस ओशाळतो, पण हे करतो. पुढच्या वर्षी तुम्ही काही न सांगता त्याला आठवलं, तर मनातली अढी काढून टाका.

आणि सकाळी सांगूनही जो "तू का लहान लेकरू हायस?" म्हणून रात्री दहापर्यंत पानटपरीवर बसतो, तो विसरलेला नाही. त्याला ठाऊक होतं. अशा घरात मी तारखेपलीकडचं विचारते: तुमच्या गोळ्या संपल्या तर कोण आणतं? माहेरी आई आजारी असताना सोबत कोण आलं? तिथंही "मले टाइम नाही" हेच उत्तर असेल, तर त्याच्याशी वाढदिवसावरून भांडू नका. गोळ्यांचं आणि आईचं बोला, घरातल्या मोठ्या माणसासमोर बोला. केकवरून वाद काढला तर तो हसण्यावारी नेईल. गोळ्यांचं तसं नेता येणार नाही.