व्होल्ट वीस, पण अँपिअर तीनच

माझा चार्जर १०० वॉटचा आहे. एरवी व्हिडिओ एक्सपोर्ट चालू असतानाही लॅपटॉप त्यावर झपाझप भरतो. पण परवा तासभर लावून ठेवला आणि बॅटरी ४० टक्क्यांवरून जेमतेम ५६ वर पोहोचली. आधी संशय बॅटरीवर आला, मग चार्जरवर. केबलचा विचार सगळ्यात शेवटी सुचला, कारण वायर म्हणजे वायर, तिला काय अक्कल असते, अशी माझी समजूत. मूळ केबल मी कुठेतरी विसरून आलो होतो आणि ड्रॉवरमधली एक स्वस्तातली बारीक टाइप-सी केबल वापरत होतो, एवढाच काय तो फरक.

चार्जर आणि लॅपटॉपच्या मध्ये टाइप-सी पॉवर मीटर जोडून पाहिला. मीटरवर २० व्होल्ट दिसत होते, करंट मात्र २.९ अँपिअरच्या वर सरकत नव्हता. म्हणजे ५८ वॉट. व्होल्टेज ५ वर अडकलं असतं तर चार्जर आणि लॅपटॉपचं बोलणंच झालं नाही असं म्हणता आलं असतं. इथे बोलणं झालं होतं, फक्त सौदा तीन अँपिअरवरच ठरला होता.

मूळ केबल परत आणून लावली तर त्याच चार्जरवर ४.६ अँपिअर, म्हणजे सुमारे ९२ वॉट. दोन्ही वेळा बॅटरी ४० टक्क्यांच्या आसपास असताना मोजलं. बॅटरी भरत आली की लॅपटॉप स्वतःच करंट कमी करतो, त्यामुळे एक केबल ४० टक्क्यांवर आणि दुसरी ८५ वर तपासली तर तुलनेला अर्थ राहत नाही.

५८ आणि ९२ मधला फरक ऐकायला दीडपटीचा, पण प्रत्यक्षात फार मोठा. बॅटरी पूर्ण भरलेली असताना तेच एक्सपोर्ट चालवून पाहिलं, तर लॅपटॉप स्वतःच्या कामालाच ४५ वॉट घेत होता. बारीक केबलवर बॅटरीच्या वाट्याला उरले १३ वॉट, चांगल्या केबलवर ४७. माझी बॅटरी ८० वॉट-अवरची, ४० टक्क्यांपासून भरायला ४८ वॉट-अवर लागतात. शेवटी मंदावणारा वेग सोडून दिला तरी चांगल्या केबलवर तास लागतो आणि बारीक केबलवर पावणेचार.

मग तीन अँपिअरच का? टाइप-सी केबलमध्ये वीज वाहणाऱ्या तारांशिवाय सीसी नावाची एक बारीक तार असते. चार्जर आणि लॅपटॉप तिच्यावरून बोलतात. पाच अँपिअरच्या केबलच्या टोकात एक इवलीशी चिप असते, तिला ई-मार्कर म्हणतात. चिप असलेल्या केबलच्या प्लगमध्ये एका पिनवर साधारण एक किलोओहमचा रोध असतो. तो दिसला की चार्जर चिपला वेगळी वीज पुरवतो आणि विचारतो, तू कोण? चिप उत्तर देते: मी अमुक प्रकारची केबल, माझी झेप इतक्या व्होल्टपर्यंत, इतक्या अँपिअरपर्यंत. उत्तरात पाच अँपिअर असतील तरच चार्जर २० व्होल्टला पाच अँपिअर देऊ करतो. उत्तर आलंच नाही तर केबल तीन अँपिअरची धरायची, असा नियम आहे. वीस गुणिले तीन, साठ वॉट. लॅपटॉपला शंभर वॉटचा पर्याय दाखवलाच जात नाही, तो मागणार तरी कुठून? ६५ वॉटचा चार्जरही अशा केबलवर साठलाच थांबतो, कारण त्याला ३.२५ अँपिअर हवे असतात.

म्हणजे चिप वीज वाढवत नाही की अडवत नाही. ती फक्त ओळख सांगते. ही सावधगिरी योग्यच वाटते, कारण तारेतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते: तीनाऐवजी पाच अँपिअर म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट उष्णता.

पण ओळखपत्रावर खोटं लिहिलेलं असलं तर? तेही पाहिलं. ‘१०० वॉट’ छापलेली दुसरी एक स्वस्त केबल आणली. तिच्यात चिप होती, करंटही ४.६ पर्यंत गेला. मात्र मीटर आधी चार्जरच्या टोकाला लावला तेव्हा २० व्होल्ट, आणि नंतर लॅपटॉपच्या टोकाला लावला तेव्हा १८.७. पूर्ण करंटला जाण्यायेण्याच्या तारांत मिळून पाऊण व्होल्टपेक्षा जास्त घट चालत नाही, इथे १.३ होती. म्हणजे सहा वॉट केबलमध्येच तापून जात होते, आणि हाताला ते जाणवतही होतं. चिप तारेची जाडी मोजत नाही, तिच्यात जे भरलं असेल तेच ती वाचून दाखवते. ती केबल मी आता फोनला वापरतो.