वडिलांबद्दल चार शब्द

शोकसभेतली भाषणं ऐकली की वाटतं, माणूस मेल्याबरोबर त्याचा स्वभाव बदलतो. ज्यांची पावलं वाजली की घर चिडीचूप व्हायचं, ते एका आठवड्यात ‘मनमिळाऊ’ होतात. समोर बसलेले नातेवाईक मग बोलणाऱ्याच्या नजरेला नजर देत नाहीत.

एक मित्र वडिलांवरच्या भाषणाचे दोन कागद घेऊन आला होता. एकावर ‘बाबा म्हणजे मायेचा सागर’ आणि दुसऱ्यावर, अर्थातच रात्री लिहिलेलं, ‘बाबांनी आम्हाला कधी माणूस समजलंच नाही.’ पहिलं कुणाला पटलं नसतं. दुसऱ्याला उत्तर द्यायला बाबा नव्हते आणि त्याचा मार पहिल्या रांगेत बसणाऱ्या आईला बसला असता. दोन्ही कागदांवर निकाल होता, बाबा कुठेच नव्हते.

मी म्हटलं, ‘ते काय करायचे, तेवढंच सांग.’ बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, ‘हॉस्टेलवरून मी पाठवलेलं पत्र परत यायचं. ऱ्हस्व-दीर्घ लाल शाईने दुरुस्त केलेले. खाली एक ओळ, पैसे पाठवले आहेत.’ मला त्यात अख्खा माणूस दिसला. ‘कठोर’ म्हणायची गरज नव्हती, ‘पण मनाने चांगले’ अशी पुस्ती जोडायचीही नव्हती.

मारायचेही ते. ते गाळणं खोटं झालं असतं आणि साग्रसंगीत सांगायची ती सभा ही जागा नव्हती. त्याने एकच वाक्य ठेवलं, ‘मला त्यांची भीती वाटायची, ती अजून पुरती गेलेली नाही.’ आधी तिथे ‘आम्हाला’ होतं. बहिणीने फोनवर हटकलं, ‘माझं मी बघेन, तू तुझं बोल.’ एकाच घरात दोन मुलांना दोन वेगळे बाप मिळालेले असतात, हे भाषण लिहिणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही. ‘मी त्यांना माफ केलं’ हे वाक्यही त्याने खोडलं. एक तर ते अजून खरं नव्हतं, आणि त्या वाक्याने सगळं भाषण मुलाच्या मोठेपणावर गेलं असतं.

मग कागद आईला दाखवला. तिने भीतीच्या वाक्याला हात लावला नाही. ‘आईशी मात्र कधी आवाज चढवून बोलले नाहीत’ यावर मात्र काट मारली. म्हणाली, ‘हे तुला कोणी सांगितलं?’

भाषण जेमतेम तीन मिनिटांचं झालं. लाल शाईपाशी लोक हसले. नंतर एक काका पुटपुटले, ‘जरा जास्तच स्पष्ट बोललास.’ त्यांच्या मागे बाबांच्या ऑफिसातले एक निवृत्त गृहस्थ उभे होते. ते म्हणाले, ‘माझ्या फायलीही अशाच यायच्या हो. फक्त खाली पैशांची ओळ नसायची.’