एकच दसरा, दोघांच्या रजा

जर्मनीतल्या आमच्या कार्यालयात बिलांच्या प्रणालीची जबाबदारी दोघांवर आहे आणि योगायोगाने दोघेही नागपूरचे: मी महालातली, दादा इंदोऱ्याचे. 2025 मध्ये दसरा 2 ऑक्टोबरला, गुरुवारी होता आणि 3 ऑक्टोबरला इथे राष्ट्रीय सुट्टी असते, त्यामुळे आम्ही दोघांनीही एकमेकांना न विचारता 22 सप्टेंबरपासून दसऱ्यापर्यंतची रजा मागितली. अडचण अशी की 30 सप्टेंबरला तिमाही संपते, आणि त्या दिवशी व पुढचे दोन दिवस आमच्यापैकी एकाने कामावर असणे भागच असते.

माझा अर्ज आधी पोचला होता, आणि मी व्यवस्थापकांना तेवढेच कळवले. त्यांनी शांतपणे सांगितले की इथल्या कायद्यानुसार कर्मचाऱ्याची इच्छा विचारात घ्यावीच लागते, पण कामाची निकड किंवा दुसऱ्या सहकाऱ्याची सामाजिकदृष्ट्या अधिक मोठी गरज आड येऊ शकते. आधी अर्ज केला, हे कारण त्यात नाही. तुम्ही दोघांनी मिळून काहीतरी सुचवा, असे म्हणून त्यांनी चेंडू आमच्याकडे परत टाकला.

मग मी दादांना विचारले, की यांतला कोणता दिवस तुम्हाला सोडताच येणार नाही? उत्तर लगेच आले: अशोक विजयादशमी. 1956 सालच्या धम्मदीक्षेच्या स्मरणार्थ दीक्षाभूमीवर येणाऱ्यांना त्यांच्या वस्तीतले लोक पाणी देतात, आणि त्यांच्या आईला त्या दिवशी मुलगा सोबत हवा असतो. माझ्या घरी मात्र अष्टमीचा, म्हणजे 30 सप्टेंबरचा, कुळाचार महत्त्वाचा होता. दोघांनी एकच पंधरवडा मागितला होता, पण अडलेले दिवस वेगळे होते! (हे आधी विचारायला मला काय झाले होते, कोण जाणे.)

त्या रात्री मी लिहिले:

“दादा, नमस्कार. मी 22 ते 30 सप्टेंबर रजा घेते, म्हणजे कामाचे सात दिवस. तिमाही तुम्ही बंद करून त्याच रात्री निघा. तुमची रजा 1, 2 आणि 6 ते 10 ऑक्टोबर, तीही सात दिवसच. 1 आणि 2 तारखेचे काम मी नागपूरहून दुपारी साडेबारा ते रात्री नऊ करीन आणि 6 तारखेला इथे हजर होईन. परदेशातून काम करण्याची परवानगी मिळाली नाही, तर मी 30 च्या रात्रीच परत निघेन आणि 1 तारखेची सकाळ तेवढी व्यवस्थापकांना सांभाळायला सांगू. यात तुम्हाला काही खटकत असेल तर मोकळेपणाने सांगा.”

दादांनी एकच दुरुस्ती सुचवली: पुढच्या वर्षी तारखा निवडण्याची पहिली संधी त्यांची, हे लेखी असावे. ते योग्यच होते, कारण दसऱ्याला घरी मीही असणार होते. परवानगी कार्यालयाच्या लॅपटॉपपुरती, दोन दिवसांची मिळाली. दसऱ्याला संध्याकाळी सगळे सोने वाटायला निघाले तेव्हा मी बिलांच्या चुका तपासत होते. बाबांनी आपट्याची दोन पाने कीबोर्डशेजारी ठेवली आणि दार हळूच ओढून घेतले.