मधली जागा

मे महिन्यातल्या दुपारी आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की शहाणी माणसे खिडक्यांना ओले पडदे लावून आडवी होतात. मी मात्र त्या दुपारी माळ्यावर चढलो होतो आणि तिथे पापडांच्या जुन्या डब्यात आप्पांची अक्षरे सापडली. आप्पा अमळनेरजवळच्या एका जिनिंगमध्ये हिशेबनीस होते. सरकीच्या जुन्या खातेवह्या रद्दीत निघाल्या की त्यांचे पुठ्ठे ते घरी आणत, पट्टी लावून एकेक इंचाचे चौकोन कापत आणि त्यांवर निळ्या शाईने अक्षरे काढत. आमचा सोंगट्यांचा खेळ तो हाच. डबा उघडला तेव्हा पुठ्ठ्यांना कसर लागलेली होती, 'भ'ची गाठ खाल्ली गेली होती आणि 'ळ'चे एक पोट पोकळ झाले होते.

खेळ सोपा होता. फरशीवर दोन अक्षरांचा शब्द मांडायचा आणि प्रत्येकाने आपल्या हातातले एकच अक्षर त्यात कुठेही घालून नवा शब्द करायचा. दोन अक्षरांच्या शब्दात जागा तीन असतात, पुढची, मधली आणि मागची. पुण्याहून सुट्टीत आलेली माझी भाची इंग्रजी सोंगट्यांचा तो प्रसिद्ध खेळ फळ्यावर खेळते. त्यात १५ गुणिले १५ घरे, १०० सोंगट्या आणि प्रत्येकाच्या हातात सात. तिने मला लगेच सांगितले की तिच्या खेळात मधली जागा नसतेच. एकदा फळ्यावर ठेवलेली सोंगटी हलवता येत नाही, म्हणून मांडलेल्या शब्दाच्या डोक्याला किंवा शेपटीलाच अक्षर जोडायचे. 'रेन'च्या पुढे बी लावला की 'ब्रेन', टी लावला की 'ट्रेन'. 'कोल्ड'च्या पोटात यू घालून 'कुड' करायचे असेल तर ते हातातल्या सोंगट्यांतच जुळवावे लागते, फळ्यावर नाही. मला त्या पोरांची कीव आली. आप्पांच्या खेळात सोंगट्या फरशीवरून दोन बोटांनी सरकवून मधे खिंड पाडता येत असे आणि खरी मौज त्या खिंडीतच होती.

मागच्या जागेविषयी मला लहानपणापासून आकस आहे. तिथे लबाडी चालते. इंग्रजीत जवळजवळ प्रत्येक नामाच्या शेपटीला एस लागतो, म्हणून तो फार मोलाचा, आणि त्या खेळात एसच्या सोंगट्या चारच असतात असे भाचीने सांगितले. आमचा एस म्हणजे 'च'. 'मन'ला च लावा, 'घर'ला लावा, 'वर'ला लावा, कोणीही हरकत घेऊ शकत नाही, कारण आपण दिवसभर बोलतोच तसे. माझ्या थोरल्या भावाने एका उन्हाळ्यात नुसत्या 'च'वर सलग अकरा डाव जिंकले, तेव्हा आप्पांनी च मागे लावायला कायमची बंदी केली. त्यानंतर मागच्या जागेत प्रामाणिक शब्द थोडेच उरले. 'वर'चे 'वरण' होई आणि ते ज्याला साधेल त्याला संध्याकाळी वरण-बट्टीत तुपाचा जास्तीचा चमचा मिळे.

पुढची जागा त्याहून उदार. या दुपारी भाचीसमोर मी 'मन' मांडले आणि आम्ही दोघांनी बाराखडी सोडून नुसती साधी अक्षरे ओळीने पुढे लावून पाहिली. गमन, दमन, नमन, वमन, शमन. एवढे शब्द एकाच घरातून कसे निघाले याचे तिला नवल वाटले. त्यात नवल असे काही नाही. संस्कृतात गम्, दम्, नम्, वम्, शम् असे म् या ध्वनीवर संपणारे धातू आहेत आणि त्यांना 'अन' जोडला की प्रत्येकाची शेपटी 'मन' होते. म्हणजे आपल्याला वाटते की आपण मनाला अक्षर जोडले, प्रत्यक्षात त्या शब्दांत मन कुठेच नसते. चमन आणि अमन त्याच रांगेत येऊन उभे राहतात, पण ते फारसी-अरबीकडचे पाहुणे आहेत. याच शब्दात आप्पांची एक आवडती गंमत होती. हातात 'न' आला की तो पुढे ठेवला तर 'नमन' आणि मागे ठेवला तर 'मनन'. मधे ठेवला तरीही 'मननच', कारण 'न'शेजारी 'न' बसला की आधीचा कोणता आणि नंतरचा कोणता हे ओळखता येत नाही. भावाने एकदा याच कारणाने मनन दोनदा मोजले होते आणि दोघांत धुमश्चक्री झाली होती. जोडायचे अक्षर शब्दातल्या अक्षरासारखेच असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंची मिळून एकच जागा धरायची, हा नियम त्या भांडणातून निघाला.

मधल्या जागेसाठी मात्र 'कर'सारखा शब्द नाही. क आणि र यांच्यात बोटाने खिंड पाडायची आणि एकेक अक्षर आत सोडायचे. ह सोडला, कहर. स सोडला, कसर. द सोडला, कदर. ब सोडला, कबर. म सोडला, कमर. पाचही शब्द रोजच्या वापरातले आहेत. लहानपणी मला ती क आणि र यांची दैवी देणगी वाटे. पुढे कळले की यांतली कमर फारसी आहे आणि बाकीचे चार अरबीतून फारसीच्या वाटेने आलेले आहेत. अरबीत बहुतेक शब्दांचा सांगाडा तीन व्यंजनांचा असतो, त्यामुळे पहिले आणि तिसरे व्यंजन तेच राहून मधले बदलले की अगदी निराळा शब्द उभा राहतो. हे शब्द मुळात कह्र, कद्र, कब्र असे शेवटी जोडलेले होते. मराठी जिभेने ती जोडणी सैल केली, मधे एक अ घातला, आणि म्हणून ते आमच्या फरशीवर तीन वेगवेगळ्या पुठ्ठ्यांत मावू लागले. आमच्या मुलखात फारुकींचे राज्य होते आणि १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला, तेव्हा फारसी कागद इथे नवे नव्हते. ते शब्द जिनिंगच्या कसर-बट्ट्यापर्यंत येऊन पोहोचले, आणि पुठ्ठ्यांपर्यंतही.

यावरून मी मनाशी एक सिद्धांत बांधला होता, की पुढची जागा संस्कृतची आणि मधली फारसीची. तो फार दिवस टिकला नाही. 'नर' मांडला की मधे ज घालून 'नजर' येते, ती अरबी. पण ग घातला की 'नगर' येते आणि ते अस्सल संस्कृत आहे. 'वर'च्या पोटात ख घातला की तर 'वखर' निघते, ज्याचा फारसीशी संबंध जोडायला कोणी शेतकरी तयार होणार नाही. आमच्या काळ्या जमिनीत कपाशीच्या ओळींमधून बैलांनी ओढलेली वखराची पास ज्याने पाहिली आहे त्याला तो शब्द मधूनच आत शिरलेला वाटेल, एवढेच मी म्हणतो.

खरा वाद अक्षर कशाला म्हणायचे याचा होता. बाराखडीतले प्रत्येक रूप स्वतंत्र सोंगटी मानले तर चारशेच्या वर पुठ्ठे कापावे लागले असते आणि तेवढी सरकी आमच्या जिनिंगमध्ये विकली गेली नसेल. म्हणून आप्पांनी साधी अक्षरे भरपूर केली, काना-मात्रेची मोजकीच केली आणि 'वा' हा सगळा मिळून एकच पुठ्ठा धरला. त्यामुळे 'वर'पुढे वा ठेवून 'वावर' करता येई. आमच्याकडे वावर म्हणजे शेत. पुस्तकी वावर, म्हणजे येणे-जाणे, आम्ही फार नंतर शिकलो. नुसता काना मात्र जोडता येत नसे, कारण काना हा पुठ्ठा नव्हता. हे मोठ्या मायला पटत नसे. 'मन' मांडलेले असताना तिने एकदा खडूने 'न'पुढे उभी रेघ ओढली आणि म्हणाली, "हाऊ मना शबद शे." अहिराणीत मना म्हणजे माझा. म्हणजे तिचे एकच वाक्य शब्द सांगत होते आणि त्याच्यावर मालकीही. आप्पांनी नियम सांगितला, तिने तो ऐकून घेतला आणि रेघ काही पुसली नाही.

भाचीने या दुपारी नवाच पेच टाकला. "मामा, वरचं स्वर केलं तर चालेल का?" मी आधी हो म्हणालो आणि मग अडकलो. आप्पांच्या डब्यात क्ष आणि ज्ञ सोडले तर जोडाक्षरे नव्हती. समजा, 'स्व'चा पुठ्ठा असता, तर 'वर'मधला व उचलून त्याच्या जागी स्व ठेवावा लागला असता. म्हणजे सोंगट्या दोनच्या दोनच राहिल्या, भर पडलीच नाही, अदलाबदल झाली. कानाला विचारावे तर एक स् वाढलेला स्पष्ट ऐकू येतो. भाची म्हणाली की फोनवर लिहिताना ती स, मग पाय मोडायची खूण, मग व आणि र असे चार वेळा दाबते, तेव्हा वाढली दोन. एका शब्दाचे तीन हिशेब, शून्य, एक आणि दोन. कह्रला कहर करून मराठीने ज्या कटकटीतून आम्हांला सोडवले होते ती स्वराने परत आणली. आप्पा असते तर त्यांनी चष्मा कपाळावर चढवून निवाडा दिला असता, आणि तो बहुधा चुकीचा असता, पण खेळ पुढे गेला असता.

अनुस्वाराचा निवाडा मात्र त्यांनी देऊन ठेवला होता. अनुस्वार वरच्या टिंबाएवढाच असल्याने त्याला पुठ्ठा कापणे त्यांना वाया वाटले, म्हणून प्रत्येकाला डावात एकदा ज्वारीचा एक दाणा मिळे. तो अक्षराच्या डोक्यावर ठेवायचा. पथचा पंथ, रगचा रंग, गजचा गंज असे शब्द त्या दाण्यावर होत. तो कोणत्याच जागेत बसत नाही, पुढे नाही, मधे नाही, मागे नाही, म्हणून भाचीला हा नियम अन्यायाचा वाटला. ती फोन घेऊन आत गेली.

मी डब्याच्या तळाशी चाचपले तेव्हा एक दाणा मिळाला, त्यालाही किडीने भोक पाडले होते. मी 'खत' मांडले आणि दाणा खच्या डोक्यावर ठेवला. वर पंखा पूर्ण वेगाने फिरत होता. दाणा दोन वेळा डुलला, घरंगळला आणि कपाटाखाली गेला. फरशीवर खत उरले. मी वाकून पाहिले नाही. कमरेला हल्ली ते जमत नाही.