चौऱ्याऐंशी नग आणि तीन मेल

कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. तिथली क्वालिटी मी बघतो, आणि गिऱ्हाइकांना मेल लिहिणंही आपोआप माझ्याच गळ्यात पडलंय. पुण्याकडच्या एका कंपनीला आम्ही बेअरिंग हाउसिंग देतो. त्यात ६२ मिलिमीटरचा बोअर, म्हणजे गोल भोक असतं, ६२०६ नंबरचं बेअरिंग बसायला. ऑगस्टमध्ये ३०० नगांच्या लॉटमधले ८४ नग मापापेक्षा मोठे निघाले. ड्रॉइंगला ६२.००० ते ६२.०३० चालतं, हे ६२.०३१ ते ६२.०३८ पर्यंत गेले होते.

कारण आमचंच होतं. बोअरिंग बारचा इन्सर्ट, म्हणजे कापणारं पातं, झिजत जातं तसा बोअर लहान व्हायला लागतो, म्हणून सेटर मशीनमधला ऑफसेट, म्हणजे झीज भरून काढणारी दुरुस्ती, थोडाथोडा वाढवत नेतो. त्या दिवशी इन्सर्ट नवा लावला, पण जुन्या झिजेसाठी दिलेला ऑफसेट तसाच राहिला. मग बोअर मोठा होणारच.

सोमवारी, ५ तारखेला, त्यांच्या क्वालिटीच्या साहेबांशी फोनवर बोललो आणि लगेच मापांचा रिपोर्ट जोडून मेल टाकला. त्यांनी दोन शंका विचारल्या, मी उत्तरं दिली. बुधवारी गाडीची घाई होती. शॉप फ्लोअरवर उभ्यानेच मोबाइलवरून लिहिलं:

‘साहेब, फोनवर ठरल्याप्रमाणे उरलेल्या ८४ नगांना मान्यता द्यावी. उद्या संध्याकाळी गाडी लावतोय. रिपोर्ट जोडलेलाच आहे.’

खाली जुन्या मेलांचं लांबलचक शेपूट लोंबत होतं, ते नीट दिसावं म्हणून कापून टाकलं. साहेबांना सगळं माहीतच होतं, त्यामुळे त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

पण मान्यता देणं साहेबांच्या हातात नव्हतं. त्यांनी शुक्रवारी नेमका हाच मेल पुढे डिझाइनच्या मॅडमना पाठवला. सोमवारी, १२ तारखेला, त्यांचं उत्तर फिरून माझ्याकडे आलं: ‘कुठला पार्ट? कशाला मान्यता? रिपोर्ट दिसत नाही. तोवर नग पाठवू नयेत.’

आधी रागच आला. रिपोर्ट आठवड्यापूर्वीच पाठवला होता की! मग मॅडमना जसा दिसला असेल तसा तो मेल उघडून वाचला. ‘फोनवर ठरल्याप्रमाणे’ म्हणजे कुठल्या फोनवर? ‘उरलेल्या’ म्हणजे कशातून उरलेल्या? ‘उद्या’ हा शब्द तर त्यांनी वाचेपर्यंत चार दिवस शिळा झालेला. आणि रिपोर्ट सोमवारच्या मेलला जोडलेला होता. उत्तर देताना आधीची फाइल सोबत जात नाही. मेल पुढे पाठवला तर फक्त त्या एका मेलला जोडलेलं जातं, आणि माझ्या बुधवारच्या मेलला काहीच जोडलेलं नव्हतं. खालचं शेपूट मीच कापल्यामुळे मॅडमना पार्टचं नावही शोधता येणार नव्हतं.

त्या रात्री मी दुसरं टोक गाठलं. घरी लॅपटॉप उघडून दीड पानी मेल लिहिला. कुठल्या शिफ्टला काय झालं, सेटर नवीन कसा होता, इन्सर्ट कुठल्या बॉक्समधला, आम्ही यापुढे काय काय काळजी घेणार, दोनदा दिलगिरी. शिवाय काही सुटू नये म्हणून सोमवारपासूनची अख्खी साखळी खाली जशीच्या तशी ठेवली. पाठवायच्या आधी मालकांना दाखवला. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो.

काकांनी वरचं वाचलंच नाही. बोटाने सरळ खाली गेले आणि एका जागी थांबले.

“हे बघितलंस का रे? नगामागं आठ रुपये वाढवून मागितल्याचं हितंच हाय. ते डिझाइनला दाखवायचंय व्हय?”

त्याच्याही खाली साहेबांचीच एक ओळ होती, ‘डिझाइनवाले केबिनमध्ये बसून मायक्रॉन मोजतात.’ चेष्टेत लिहिलेली, पण मेल जाणार होता डिझाइनच्याच मॅडमना. माझा दीड पानी प्रामाणिकपणा साहेबांच्या अंगाशी आला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांना फोन लावला आणि पहिल्यांदाच विचारलं, “साहेब, हा मेल तुमच्यानंतर कोण कोण वाचणार?” ते म्हणाले, मॅडम, त्या हो म्हणाल्या की असेंब्लीचा सुपरवायझर आणि स्टोअर. हा प्रश्न आठवडाभर आधी सुचला असता तर बरं झालं असतं. आता माझ्या समोर साहेब नव्हते, मॅडम होत्या. हा पार्ट त्यांच्या शेकडो पार्टांतला एक, आणि त्यांना एकच ठरवायचं होतं, हे नग मशीनमध्ये चालतील की नाही.

मग दीड पानातली एकेक गोष्ट उचलून बघायला लागलो, ही काढली तर मॅडमचं उत्तर बदलेल का. सेटर नवीन होता, यानं बदलत नाही, काढलं. दिलगिरी साहेबांकडे दोनदा मागून झाली होती, काढली. ऑफसेटची गोष्ट पूर्ण काढावी असं वाटलं, पण ‘बाकीचे नग तरी बरोबर आहेत कशावरून’ ही शंका त्यांना येणारच. म्हणून कारण एका वाक्यात ठेवलं आणि पुढच्या वाक्यात उरलेले २१६ नग शंभर टक्के तपासल्याचं सांगितलं. ड्रॉइंग त्यांच्याकडे आहे, ते जोडायची गरज नाही, पण कुठली रिव्हिजन हे लिहायलाच हवं. मापाच्या मर्यादेला नुसतं एच-सेव्हन म्हटलं तर मॅडमना कळेल, सुपरवायझरला कळेलच असं नाही. आकडे लिहिले तर दोघांनाही कळतं आणि जागा तेवढीच लागते.

सगळ्यात महत्त्वाचं नेमकं दीड पानातही नव्हतं, कारण ते कुठल्याच मेलमध्ये नव्हतं. फोनवर साहेबांनी विचारलं होतं, मोठ्यात मोठ्या बोअरमध्ये बेअरिंग बसवून बघितलं का. मी ६२.०३८ च्या दोन नगांत बसवून पाहिलं होतं. हातानं सरकत बसलं, डुगडुगलं नाही. त्यावर ते म्हणाले होते, मग काय हरकत नाही. हे लिहू का म्हणून विचारलं, तर साहेब म्हणाले, “तुम्ही बसवून बघितलं ते लिहा. मी काय म्हणालो ते नको.” त्यांचंही बरोबर होतं. फोनवरचं सहज मत वरच्या माणसाच्या मेलमध्ये गेलं की ती सही होऊन बसते.

तिसरा मेल जुन्या साखळीत उत्तर म्हणून न लिहिता कोरा सुरू केला. साखळीत साहेबांना एक ओळ टाकली, ‘पुढे पाठवण्यासाठी वेगळा मेल करतोय.’ नाहीतर त्यांना वाटायचं हे नवीनच प्रकरण काय. आमचे मेल इंग्रजीत असतात, मजकूर साधारण असा होता:

‘विषय: बेअरिंग हाउसिंग, ड्रॉइंग रिव्हिजन सी, ८४ नगांच्या बोअरला डेव्हिएशन हवं, निर्णय १६ ऑगस्टपर्यंत

३०० नगांच्या लॉटमधील ८४ नगांचा बोअर जास्त आहे. ते वापरायला परवानगी हवी. सर्व ८४ नग आमच्याकडे कुपवाडला बाजूला ठेवले आहेत.
ड्रॉइंगचं माप ६२.००० ते ६२.०३०. प्रत्यक्षात ६१ नग ६२.०३१ ते ६२.०३५, २३ नग ६२.०३६ ते ६२.०३८.
यात ६२०६ बेअरिंग बसतं, बाहेरची रिंग फिरत नाही. रिंगेचा व्यास कमीत कमी ६१.९८७ धरला तर ड्रॉइंगप्रमाणे जास्तीत जास्त सैलपणा ०.०४३ होतो, या नगांत ०.०५१. म्हणजे ८ मायक्रॉन जास्त. ६२.०३८ च्या दोन नगांत बेअरिंग बसवून पाहिलं, हाताने बसतं, डुगडुगत नाही.
कारण: इन्सर्ट बदलल्यावर ऑफसेट परत घेतला नाही. उरलेले २१६ नग शंभर टक्के तपासले, मापात आहेत, तुमच्याकडे पोचले आहेत.
मान्य झालेल्या नगांना पिवळा ठिपका मारून पाठवू. रिपोर्ट सोबत आहे.’

रिपोर्टच्या फाइलचं नाव आधी Report_final.xlsx होतं. मॅडमच्या फोल्डरमध्ये अशा किती फायनल असतील कोण जाणे. बदलून `BH62_bore_84nos_05Aug.pdf` केलं.

पाठवायच्या आधी अकाउंटच्या ताईंना वाचायला दिला. त्यांना बोअर म्हणजे काय हेही धड माहीत नाही, म्हणूनच दिला. विचारलं, कोण काय मागतंय, किती नगांचं, कधीपर्यंत? तिन्ही त्यांनी सांगितलं. फक्त एका जागी अडकल्या, “उरलेले २१६ कुठे आहेत, इथे की तिकडे?” माझ्या डोक्यात ते इतकं पक्कं होतं की लिहायचंच राहिलं होतं. ‘तुमच्याकडे पोचले आहेत’ हे शब्द त्यांच्यामुळे घातले. सैलपणाची ओळ ताईंना कळली नाही, पण ती तशीच ठेवली. ती मॅडमसाठीच होती. बाहेरच्या माणसाला दाखवून काय सुटलंय ते कळतं, तांत्रिक ओळ बरोबर आहे का ते कळत नाही. ते बोअर गेज घेऊन मीच पुन्हा तपासलं.

१४ तारखेला दुपारी उत्तर आलं. मॅडमनी ६२.०३५ पर्यंतचे ६१ नग याच लॉटपुरते मान्य केले, वरचे २३ नाकारले. मापांची अशी फोड दिली नसती तर बहुतेक सगळेच ८४ गेले असते, कारण सरसकट हो किंवा नाही एवढेच दोन रस्ते राहिले असते. २३ नग भंगारात टाकताना काका काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

१६ तारखेला गाडी गेली. दुसऱ्या दिवशी अनोळखी नंबरवरून फोन आला. असेंब्लीचे सुपरवायझर होते. माझा मेल साहेबांकडून मॅडमकडे, मॅडमकडून स्टोअरला आणि तिथून प्रिंट होऊन त्यांच्या हातात पोचला होता.

“सगळं समजलं ओ,” ते म्हणाले, “पण तो पिवळा ठिपका कुठल्या बाजूला मारलाय? आमच्या ट्रेमध्ये नग पालथे येतात.”

ठिपका वरच्या तोंडावर होता. मी तेवढीच एक ओळ लिहून पाठवली, अर्थात पार्टचं नाव, रिव्हिजन आणि ६१ नग हे सगळं परत घालून.